पेढ्यांच्या पुड्यावरची तारीख

मुदखेड हे जंक्शनचे गाव आहे. नांदेडकडून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा निजामाबादमार्गे सिकंदराबादेकडे जातो आणि दुसरा आदिलाबादेकडे वळतो. दिवाळीच्या आठवड्यात या फलाटावर उभे राहून पाहिले तर दर चौथ्या उतारूच्या हाती मिठाईचा एखादा तरी पुडा दिसतो. कोणी बहिणीकडे भाऊबीजेला निघालेला असतो, कोणी मुंबईस असलेल्या मुलाकडे. आणि रिकाम्या हाताने जाणे आपल्याकडे प्रशस्त मानीत नाहीत. त्या पुड्यावर दुकानाचे नाव रंगीत अक्षरांत असते, गणपतीचे किंवा लक्ष्मीचे चित्र असते, बहुधा ‘शुद्ध तुपातील’ अशी ग्वाहीही असते. परंतु आतील पेढे कोणत्या दिवशी वळले आणि कोणत्या दिवसापर्यंत खाण्याजोगे राहतील, ही माहिती त्या पुठ्ठ्यावर प्रायः नसते. घरी पोहोचल्यावर झाकण उघडायचे, नाक जवळ न्यायचे आणि ‘ठीक दिसतात’ असे म्हणून ताटलीत मांडायचे, एवढीच परीक्षा कित्येक सुशिक्षित घरांतूनही होते. ही परीक्षा अगदीच टाकाऊ नव्हे. पण ती पुष्कळ उशिरा लागू पडते, आणि एका बाबतीत तर मुळीच लागू पडत नाही.

मिठाई का बिघडते, याचे उत्तर बहुतेक एका शब्दात देता येते, आणि तो शब्द म्हणजे पाणी. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध लोखंडी कढईत सतत ढवळीत आटवले म्हणजे सुमारे एक किलो खवा हाती येतो. तो घट्ट दिसतो, उलथण्याला चिकटून गोळा होतो. म्हणून पाहणाऱ्यास वाटते की पाणी सारे उडून गेले. वस्तुतः त्या गोळ्यात एकतृतीयांशाच्या आसपास पाणी उरलेलेच असते, आणि त्याच्या सोबतीला दुधातील स्निग्धांश, प्रथिने व दुधाची स्वतःची साखर असते. जंतूंना आणि बुरशीला याहून सोयीचे अन्न क्वचितच मिळेल. नुसता खवा उष्ण दिवसांत बाहेर ठेवला तर दोन-तीन दिवसांत आंबूस होतो, तो यामुळेच.

याच खव्याचा पेढा करताना हलवाई दोन गोष्टी करतो. तो खवा पुन्हा विस्तवावर परततो, त्यामुळे आणखी काही पाणी जाते. आणि तो त्यात साखर घालतो. साखरेचे काम केवळ गोडीचे नाही. ती उरलेले पाणी जणू बांधून ठेवते, म्हणजे पाणी पदार्थात असूनही जंतूंच्या उपयोगी पडत नाही. लोणच्यात मीठ आणि मोरंब्यात साखर जे करते तेच येथे घडते. मात्र पेढ्यात ते अर्धवट घडते, कारण मोरंब्याइतकी साखर घातलेला पेढा कोणी खाणार नाही. साताऱ्याचा कंदी पेढा तपकिरी होईपर्यंत परतलेला असतो, म्हणून तो पांढऱ्या मऊ पेढ्याहून अधिक टिकतो. उलटपक्षी कलाकंद मुद्दाम ओलसर व रवाळ ठेवतात, आणि रसमलाई तर दुधातच पोहत असते. ज्या गुणामुळे हे पदार्थ जिभेवर विरघळतात तोच गुण त्यांचे आयुष्य तोकडे करतो.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पारंपरिक दुग्धपदार्थांविषयीच्या मार्गदर्शनपर टिपणात दिलेली मुदतीची यादी पाठ करावी लागत नाही. ती आपोआप सुचते. कलाकंद त्याच दिवशी संपवावा. रसगुल्ला, रसमलाई, राजभोग यांसारखे रसात किंवा दुधात असलेले पदार्थ दोन दिवसांत. खव्याचे पेढे, दुधाची व नारळाची बर्फी हे चार दिवसांत. काजूकतली किंवा तुपातील सुक्या मेव्याची मिठाई सात दिवसांपर्यंत. आणि बेसनाचे लाडू, चिक्की यांसारख्या, ज्यांत पाणी जवळजवळ नसतेच, अशा पदार्थांना महिन्यापर्यंत मुदत. पाणी जसजसे कमी होत जाते तसतसे दिवस वाढत जातात. हे आकडे स्वच्छ हातांनी, योग्य रीतीने केलेल्या व नीट ठेवलेल्या पदार्थासाठी आहेत, ही अट त्यांत गृहीतच आहे. मे महिन्यात नांदेड जिल्ह्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा काचेच्या कपाटात विजेच्या दिव्याखाली ठेवलेल्या पेढ्याला चार दिवसांचा हक्क उरत नाही.

आता तारखेचा प्रश्न. बंद पाकिटातून येणाऱ्या खाद्यपदार्थांवर तारीख छापण्याचे बंधन जुने आहे. पण परातीत मांडून तराजूने विकल्या जाणाऱ्या सुट्या मिठाईला तसे बंधन बरीच वर्षे नव्हते. ती उणीव उपरोक्त प्राधिकरणाने २०२० साली दूर केली. सुट्या मिठाईच्या प्रत्येक परातीपाशी ‘बेस्ट बिफोर’, म्हणजे कोणत्या तारखेपूर्वी खाणे उत्तम, ही तारीख लावावी, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू करण्यात आला. आरंभीच्या प्रस्तावात मिठाई तयार केल्याची तारीखही सक्तीची होती. अखेरच्या आदेशात मात्र ती दुकानदाराच्या इच्छेवर सोडली गेली. शिवाय मुदत किती दिवसांची धरावयाची, हेही पदार्थाचे स्वरूप व स्थानिक हवामान पाहून दुकानदारानेच ठरवावयाचे आहे. वर दिलेली यादी त्याला मार्गदर्शक आहे, बंधनकारक नव्हे.

या नियमाचा अर्थ गिऱ्हाइकाने नीट समजून घ्यावयास हवा. तारखेची चिठ्ठी परातीपाशी असते, पुड्यावर नसते. पेढे परातीतून उचलून पुड्यात भरले, वर चकचकीत कागद लावला व रबर चढवला, की त्या क्षणी पेढ्यांचा आणि त्यांच्या तारखेचा संबंध तुटतो. पुडा नवा कोरा, पेढे मात्र कालचे किंवा परवाचे. नव्या पुड्यामुळे माल ताजा वाटतो, हा डोळ्यांचा भ्रम आहे, आणि त्याचा फायदा सणाच्या गर्दीत घेतला जातो.

एक उदाहरण हिशेबाने मांडून पाहू. मुदखेड येथील एका गृहस्थाने ऑक्टोबरच्या २० तारखेस सायंकाळी एक किलो खव्याचे पेढे घेतले, असे समजावे. ‘पेढा चार दिवस टिकतो’ हे त्यांच्या पत्नीने कोठेतरी वाचलेले आहे. म्हणून दोघांनी २० मध्ये चार मिळवून २४ तारीख मनाशी धरली. परातीवरील चिठ्ठीकडे पाहिले असते तर तेथे २२ तारीख लिहिलेली दिसली असती. म्हणजे दुकानदाराने यादीप्रमाणे चार दिवसांची मुदत धरली असेल तर पेढे १८ तारखेस वळलेले होते, आणि त्यांच्या चार दिवसांपैकी दोन दिवस दुकानातच खर्च झाले होते. पुडा त्याच रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाला. डब्यातील ऊब, वर ठेवलेल्या सामानाचा दाब, आणि सकाळी तेथे पोहोचेतो २१ तारीख उजाडली. तेथल्या घरी सून म्हणते, ‘भाऊबीजेला माणसे येणार आहेत, तोवर राहू द्या.’ भाऊबीज २३ तारखेस आहे. अशा रीतीने घरातील प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे वागूनही पेढे नेमके मुदत उलटल्यावर पाहुण्यांपुढे आले. यात लबाडी कोणाचीच नाही. चूक एवढीच की दिवस मोजण्याचा आरंभ खरेदीपासून केला. तो पेढा वळल्याच्या दिवसापासून करावयास हवा होता.

यावर उपाय साधा आहे आणि त्यास पैसा लागत नाही. दुकानात चिठ्ठी पाहावी. चिठ्ठी नसेल तर ‘हे कधी केले?’ असे सरळ विचारावे, आणि जी तारीख दिसेल किंवा सांगितली जाईल ती पुड्याच्या झाकणावर तेथेच पेनाने लिहावी. पुडा कोणाच्याही हाती गेला तरी तारीख त्याच्यासोबत जाते. प्रवासाचा पुडा असेल तर चिठ्ठीवरील तारखेत प्रवासाचा दिवस आणि वाटप होईपर्यंतचे दिवस बसतात की नाही, हे पैसे देण्यापूर्वी मोजावे. न बसल्यास खव्याच्या पेढ्यांचा हट्ट सोडून बेसनाचे लाडू किंवा काजूकतली घ्यावी. मुंबईच्या सुनेला पेढेच हवे असतील तर ते तेथेही मिळतात. एका पुड्यात चार तऱ्हांची मिठाई भरून घेण्याची पद्धत आहे, ती या दृष्टीने गैरसोयीची ठरते. कलाकंदाची एक वडी, दोन पेढे आणि काजूकतली एकाच पुड्यात असली तर साऱ्या पुड्याची मुदत कलाकंदाच्या मुदतीएवढीच धरावी लागते, कारण ओलसर वडीचा ओलावा आणि तिची बुरशी शेजाऱ्यांकडे जातेच.

परातीवरील तारीख प्रामाणिकपणे लिहिली असली तरी तिच्यात एक गोष्ट येत नाही. ती म्हणजे खव्याचे वय. खवा ज्या गावी होतो तेथेच त्याचे पेढे होतात असे नाही. मराठवाड्यात धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुका आणि कुंथलगिरीचा परिसर खव्यासाठी नावाजलेला आहे. तेथील भट्ट्यांवरचा खवा दूरदूरच्या हलवायांकडे जातो. सणापूर्वी मागणी एकदम वाढते म्हणून व्यापारी खवा आधीच घेऊन शीतगृहात ठेवतात. गोठवलेला खवा ठीक राहिला तर त्यात काही वावगे नाही. परंतु तो शीतगृहातून निघून कढईत पडेपर्यंत किती तास उष्ण हवेत राहिला, हे तारखेची चिठ्ठी सांगत नाही. जो खवा कढईत पडण्यापूर्वीच किंचित आंबला असेल त्याचा पेढा विस्तवावर परतल्याने जंतू मरतात, पण आंबटपणा राहतो. म्हणून आजच वळलेल्या पेढ्याला वेलदोड्याच्या वासाआडून आंबूस झाक येत असेल तर ‘आजचाच आहे हो’ या आश्वासनावर विसंबू नये. वेलदोडा, केशर आणि केवडा पुष्कळ गोष्टी झाकतात.

कारखान्यातून बंद होऊन येणाऱ्या डब्यांची गोष्ट निराळी. त्यांवर एकाहून अधिक तारखा असतात आणि त्यांचे अर्थ भिन्न आहेत. एक तारीख माल तयार केल्याची असते, आणि कधी तिच्या जागी माल बंद केल्याची. या दोन्ही एकच असतील असे नाही. दुसरी तारीख ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ या शब्दांनी दिलेली असते; तिच्यानंतर तो पदार्थ खाऊ नये, असा तिचा स्पष्ट अर्थ आहे. ‘बेस्ट बिफोर’ ही तिच्याहून सौम्य होय; त्या दिवसापर्यंत पदार्थाची चव, वास, खुसखुशीतपणा हे गुण पूर्णपणे राहतील, एवढेच उत्पादक सांगतो. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी बंद मालावर तयार केल्याची अथवा बंद केल्याची तारीख आणि एक्स्पायरीची तारीख या दोन्ही सक्तीच्या केल्या आहेत. ‘बेस्ट बिफोर’ ही उत्पादकाला हवी असल्यास जोडता येते. चिक्कीच्या पाकिटाची ‘बेस्ट बिफोर’ तारीख कालच गेली असेल तर फार तर ती मऊ पडली असेल. दुधाच्या मिठाईबाबत मात्र हा भेद करण्यात अर्थ नाही. तिची चव उतरणे आणि ती अपायकारक होणे यांत अंतर इतके थोडे असते की सौम्य तारीखही कडक म्हणूनच पाळावी.

डब्यावरच्या तारखेला आणखी दोन अटी चिकटलेल्या असतात, आणि त्या बारीक अक्षरांत छापलेल्या असल्यामुळे वाचल्या जात नाहीत. पहिली अट साठवणीची. ‘थंड ठिकाणी ठेवावे’ असे छापलेला डबा दुकानदाराने उन्हाच्या तोंडावर रचून ठेवला असेल तर त्यावरील तारीख त्या डब्यापुरती रद्द झाली असे समजावे. दुसरी अट बंदपणाची. हवाबंद डब्यातील रसगुल्ले कित्येक महिने राहतात, आणि तेच रसगुल्ले सुटे घेतले तर दोन दिवस. पदार्थ तोच असता हा फरक पडतो, कारण हवाबंद डबा बंद केल्यानंतर उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो व बाहेरचा जंतू आत शिरू शकत नाही. झाकण फोडले की तो रसगुल्ला सुट्या रसगुल्ल्यांच्या पंक्तीला येऊन बसतो. मग डब्यावरची पुढल्या वर्षीची तारीख दाखवून त्याचे समर्थन करता येत नाही. डबा फुगलेला दिसला तर तारीख न पाहताच तो टाकून द्यावा.

आता डोळ्यांना, नाकाला आणि बोटांना काय कळते ते पाहू. खव्याच्या मिठाईत बिघाडाची पहिली खूण बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूस असते. तेथे पाण्याचे बारीक थेंब जमलेले दिसले तर मिठाई गरम असतानाच पुड्यात भरली होती, किंवा फ्रिजमधून काढून बंदच ठेवली होती. हा अजून बिघाड नव्हे, पण बिघाडाची पूर्वतयारी होय. तो थेंब पेढ्यावर पडला की तेथली साखर पातळ होते, आणि तेवढ्या जागेत जंतूंना अडवणारे काही उरत नाही. त्यानंतर पेढ्याचा पृष्ठभाग चिकट व बुळबुळीत लागू लागतो. बोट लावून उचलले तर किंचित तार सुटते. हा झाला उघड बिघाड. वासात आधी आंबूसपणा येतो. तूप जुने झाल्यावर जो येतो तो खवट वास निराळा. तो स्निग्धांश बिघडल्याचा होय, आणि बर्फीपेक्षा सुक्या मेव्याच्या मिठाईत तो अधिक आढळतो. जिभेच्या मागल्या बाजूस कडवट चव रेंगाळत असेल तर दुधाची प्रथिने कुजू लागली आहेत असे समजावे. पाकातल्या पदार्थांत, उदाहरणार्थ गुलाबजामांत, खूण पाकात दिसते: कडेला फेस किंवा बारीक बुडबुडे, आणि आसवासारखा वास. रसमलाईचे दूध फाटून त्यात बारीक कण दिसू लागतात.

बुरशी सर्वांना ओळखता येते असे मानतात, पण घराघरातून तिच्याविषयी दोन उलट चुका होतात. एक म्हणजे निर्दोष मिठाई फेकली जाते. चार-सहा दिवस ठेवलेल्या काजूकतलीवर किंवा बर्फीवर कधी पांढरी पूड किंवा पांढरे ठिपके दिसतात. ते बहुधा साखरेचे खडे असतात, पृष्ठभागावरचे पाणी उडाल्यामुळे वर आलेले. नखाने खरवडले तर ते करकरतात, प्रकाशात चमकतात, आणि पाण्याचा थेंब लावला की विरघळून जातात. बुरशी करकरत नाही; ती कापसासारखी मऊ असते, आडव्या प्रकाशात तिचे तंतू उभे दिसतात, आणि एक-दोन दिवसांत ती मध्यभागी हिरवट किंवा काळसर होते. ती आधी जेथे पेढा कागदाला किंवा शेजारच्या पेढ्याला टेकलेला असतो तेथे, म्हणजे ओलावा अडकणाऱ्या जागी येते. म्हणून वरून पाहून न थांबता एखादा पेढा उचलून त्याची खालची बाजू पाहावी. थंडीत बेसनाच्या लाडवावर येणारा पांढरा थर हाही बहुधा गोठलेल्या तुपाचाच असतो. तळहातात धरताच तो वितळतो.

दुसरी चूक अधिक वाईट. ‘एवढा भाग काढून टाका, बाकीचा चांगला आहे,’ असे म्हणून सुरीने बुरशी कापून टाकण्याची काटकसर पुष्कळ घरांत चालते, आणि ती बहुधा वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून चालते. कठीण व कोरड्या पदार्थात तिला थोडा तरी आधार आहे. पेढा आणि बर्फी मऊ व दमट असतात; दिसणारी बुरशी हे झाडाच्या शेंड्यासारखे आहे, तिचे सूक्ष्म तंतू आत खोलवर गेलेले असतात. एका पेढ्यावर बुरशी दिसली तर त्या पुड्यातील बाकीचे पेढेही त्याच वाटेवर आहेत असे धरून सारा पुडा टाकावा.

सगळ्या खुणांची मर्यादा येथे सांगणे अवश्य आहे. मिठाईच्या विषबाधेत ज्याचे नाव वारंवार येते तो स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू कोणतीही खूण दाखवीत नाही. तो माणसाच्या नाकात आणि कातडीवर, विशेषतः हाताच्या जखमेत किंवा फोडात राहतो. पेढा हाताने वळतात. म्हणजे विस्तवावर शुद्ध झालेला खवा थंड होत असतानाच हातांत येतो. साखरेमुळे इतर पुष्कळ जंतू अडतात, हा तितका अडत नाही. उष्ण हवेत काही तासांत तो वाढतो आणि एक विष तयार करतो. पेढ्याचा रंग तोच, वास तोच, चव तीच. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांच्या आत मात्र उलट्या व पोटात मुरडा सुरू होतो. हे विष उकळल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून शंकास्पद पेढे तुपावर परतून घेतल्याने किंवा त्यांची बासुंदी केल्याने जंतू मरतील, विष राहील. नाक आणि डोळे बिघाड ओळखतात. बाधा त्यांना ओळखता येत नाही. ज्या मिठाईला वास येत नाही तिच्याही बाबतीत तारीख पाळावयाची ती याचसाठी. आणि परातीवरील चिठ्ठी वाचताना पेढे भरणाऱ्या माणसाच्या हाताकडेही एक नजर टाकावी. नोटा मोजून त्याच बोटांनी पेढे उचलीत असेल तर चिठ्ठीवरची तारीख कितीही पुढची असो, तिचा उपयोग नाही. हातमोजा किंवा चिमटा असेल तर उत्तम.

फ्रिज हा या संकटावरचा पूर्ण उपाय नव्हे, पण मोठा आधार आहे. चार-पाच अंशांच्या थंडीत जंतूंची वाढ फारच मंदावते. त्याचे श्रेय मात्र पहिल्या तासापासून थंडीत ठेवले तरच मिळते. दिवसभर ओट्यावर राहिलेला पुडा रात्री फ्रिजमध्ये ठेवला तर दिवसभरात झालेले काम पुसले जात नाही. पुठ्ठ्याच्या पुड्यापेक्षा झाकणाचा डबा बरा, आणि प्रत्येक वेळी सारा डबा बाहेर न काढता लागतील तेवढे पेढे काढावेत. पुन्हापुन्हा आत-बाहेर केल्याने थंड पेढ्यावर हवेतले पाणी जमते आणि मघाची थेंबांची कथा पुन्हा सुरू होते.

बेकरीच्या मालाला हाच न्याय लावावा, पण एक भेद ध्यानी ठेवून. भट्टीतून निघणाऱ्या पदार्थांचे दोन तट पडतात. नानकटाई, खारी, टोस्ट यांत पाणी अत्यल्प असते. त्यांना बुरशीचे भय थोडे. त्यांचे दोन शत्रू म्हणजे हवेतला ओलावा, ज्याने ती सादळतात, आणि स्निग्धांशाचा खवटपणा. सादळलेली खारी मंद आचेवर शेकली तर पुन्हा कुरकुरीत होते. खवट झालेली नानकटाई कशानेही सुधारत नाही. दुसरा तट पावाचा, स्पंजकेकचा आणि माव्याच्या केकचा. हे आतून ओले असतात, आणि त्यांवरील भाजल्याची किंवा बंद केल्याची तारीख पेढ्याच्या तारखेइतक्याच काळजीने पाहावी. माव्याचा केक हा तर केकच्या वेषातला खवा होय. ज्यावर दुधाची साय घातलेली आहे असा केक बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. वाढदिवसाला आणलेला केक मेणबत्त्यांची वाट पाहत टेबलावर अर्धा दिवस बसतो, ही रीत मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तरी मोडावी.

पावाच्या बाबतीत शिळेपणा आणि बिघाड यांची नेहमी गल्लत होते. पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो तो वाळल्यामुळेच होतो असे नाही. त्यातील पिष्ट थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचनेत येते, म्हणून होतो. हे फ्रिजच्या थंडीत अधिकच लवकर घडते, आणि गरम केल्यावर काही वेळ उलटते. म्हणून कडक झालेला पण स्वच्छ पाव शेकून खाण्यास हरकत नाही. याउलट उन्हाळ्यात कधी असा पाव हाती येतो की त्यावर बुरशी नाही, तो मऊही आहे, पण मोडला असता मधला गर चिकट, पिवळसर लागतो, दोन तुकडे दूर केले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू ताणले जातात, आणि पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येतो. पिठातील काही जंतूंची बीजे भट्टीच्या उष्णतेतही जगतात आणि मग पावाच्या गाभ्यात वाढतात. त्याची ही खूण. असा पाव टोस्ट करूनही खाऊ नये, आणि ज्या डब्यात तो ठेवला होता तो डबा कढत पाण्याने धुऊन, व्हिनेगरने पुसून, उन्हात वाळवल्यावरच त्यात दुसरा पाव ठेवावा.